३८ लाखांचा अंदाज ५४ लाखांवर कसा गेला: लीड्समधल्या एका वर्षाच्या एमएस्सीचे प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. शुल्क, व्हिसा आणि करांचे नियम २०२५ सालच्या प्रवेशाला लागू असलेले आहेत.)

## पार्श्वभूमी

ऋतुजा सांगली जिल्ह्यातली. सिव्हिलची बी.ई. झाली, पुण्यात एक वर्ष नोकरी केली आणि इंग्लंडमधल्या लीड्स शहरात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या एका वर्षाच्या एमएस्सीला तिला प्रवेश मिळाला. वर्ग सप्टेंबर २०२५ पासून सुरू होणार होते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय ५२, हातात येणारा पगार महिना ७८ हजार. घरची ठेव आणि भविष्य निर्वाह निधीतून काढता येणारी रक्कम मिळून १२ लाख रुपये उभे राहत होते. याशिवाय गावात घर, दोन एकर ऊस आणि आईचे दागिने.

जानेवारीत प्रवेशाचे पत्र आले, तेव्हा ज्या कन्सल्टन्सीमार्फत अर्ज केला होता तिने एका पानाचा हिशेब दिला. शिष्यवृत्ती वजा जाता फी २५,००० पौंड, राहण्या-खाण्याचे १०,२२४ पौंड, पौंडाचा दर १०७ रुपये, एकूण ३७ लाख ७० हजार. घरात सगळे 'अडतीस लाख' म्हणू लागले. कर्ज २६ लाख काढायचे, १२ लाख आपले, असे ठरूनही गेले.

## अडचण

त्या पानावरचा एकही आकडा खोटा नव्हता. पण १०,२२४ पौंड हा राहण्याचा खर्च नव्हेच. लंडनबाहेर शिकणाऱ्याने महिना १,१३६ पौंड या दराने जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे पैसे आपल्याकडे आहेत असे ब्रिटिश गृह खात्याला दाखवायचे असते, त्याचा हा गुणाकार. एमएस्सी मात्र बारा महिन्यांची. उन्हाळ्यात प्रबंध चालू असतो, भाडे चालू असते आणि पोटही चालू असते.

मार्चमध्ये वडिलांनी शाळेतल्या एका सहकाऱ्याला हाताशी धरून हिशेब नव्याने मांडला. त्या सहकाऱ्याचा मुलगा आधीच तिकडे शिकून आला होता, त्यामुळे कुठे काय विचारायचे हे त्याला ठाऊक होते. त्यांनी आधी सगळे पौंडात लिहिले आणि रुपयांत आणताना त्या दिवशीचा १११ चा दर न धरता १२० धरला. फी एकदम जात नाही, वर्षभर हप्त्यांत जाते आणि तोवर दर हलतो. शिवाय बँक ज्या दराने पौंड विकते तो मोबाइलवर दिसणाऱ्या दरापेक्षा रुपया-दोन रुपयांनी चढाच असतो.

नव्या हिशेबात फरक कुठून आला, ते असे:

| कारण | वाढ |
|---|---|
| पौंड १०७ ऐवजी १२० रुपये | ४.६ लाख |
| व्हिसा शुल्क आणि आरोग्य अधिभार | २ लाख |
| नऊऐवजी बारा महिने राहणे | ०.७५ लाख |
| विमान तिकीट, लॅपटॉप, कर्जाची कागदपत्रे, चाचण्या | १.८५ लाख |

एकूण ४६ लाख ९० हजार. यातला आरोग्य अधिभार, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम, नीट पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड. अभ्यासक्रम एक वर्षाचा म्हणून एकदाच भरायचा, असे बहुतेक जण धरून चालतात. पण व्हिसा अभ्यासक्रमाच्या आधीचा काही काळ आणि नंतरचे चार महिने धरून मिळतो. वर्षावरच्या या महिन्यांसाठी आणखी अर्ध्या वर्षाचा अधिभार लागतो आणि रक्कम १,१६४ पौंड होते. व्हिसाचे ५२४ पौंड वेगळे. हे सगळे अर्ज करतानाच, एकरकमी.

राहण्याच्या बाबतीत मात्र कमी करायला वाव होता. कन्सल्टन्सीने सुचवलेली स्वतंत्र बाथरूमची खोली आठवड्याला १६८ पौंडांची होती. स्वयंपाकघर आणि बाथरूम चौघांत वाटून घ्यायच्या फ्लॅटमधली खोली १२८ पौंडांना मिळत होती, वीज आणि इंटरनेट धरून. करार ५१ आठवड्यांचा, त्यामुळे फरक वर्षाला दोन हजार पौंडांचा. घरच्यांनी दुसरी खोली धरली आणि जेवण, बस, फोन, धुणे वगैरेंना महिना ३६० पौंड. वरच्या तक्त्यात वाढ फक्त पाऊण लाखाची दिसते ती या निवडीमुळे. पहिली खोली घेतली असती तर आणखी अडीच लाख.

त्यानंतरचा खर्च कन्सल्टन्सीच्या पानावर नव्हताच, कारण तो अभ्यासक्रम संपल्यावर येतो. शिक्षणानंतर तिथे राहून नोकरी शोधायची तर ग्रॅज्युएट व्हिसा लागतो. त्याचे शुल्क ८८० पौंड आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार २,०७० पौंड. म्हणजे हातात पगार नसताना एका दमात जवळपास तीन हजार पौंड. नोकरी लागेपर्यंतचे तीन महिने राहण्याचे २,७०० पौंड धरले, तर राखीव रक्कम ६ लाख ८० हजार रुपयांवर जाते. सगळे मिळून जवळपास ५४ लाख.

## पर्याय

पहिला पर्याय होता वर्षभर थांबण्याचा. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येत होता. पण शिष्यवृत्ती ढकलली जाईल याची हमी विद्यापीठ देत नव्हते आणि पुण्यातल्या पगारातून वर्षाला दोन-अडीच लाखांपेक्षा जास्त शिल्लक पडणार नव्हती. फीवाढ आणि रुपयाची घसरण तेवढे सहज खाऊन टाकते.

दुसरा पर्याय जर्मनीचा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात, पण ते पैसे आपलेच असतात आणि महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने परत हातात येतात. दोन वर्षांचा एकूण खर्च लीड्सच्या जवळजवळ निम्म्यावर आला असता. अडचण वेळेची होती. भारतीय विद्यार्थ्यांना आधी शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते, मार्चमध्ये सुरुवात करून त्या हिवाळी सत्राच्या मुदती गाठणे अवघड होते आणि ऋतुजाला जर्मनचा गंध नव्हता. हा पर्याय डिसेंबरात तपासला असता तर निकाल कदाचित वेगळा लागला असता, असे आम्हाला वाटते. केवळ खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर तोच सरस होता.

तिसरा प्रश्न कर्ज कोणाकडून घ्यायचे हा. एक खासगी वित्तसंस्था विनातारण, आठवड्याभरात मंजुरी द्यायला तयार होती, साडेबारा टक्क्यांनी. सरकारी बँकेचा दर १० टक्के, पण तारण हवे आणि वेळ लागणार. ३६ लाखांवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला ९० हजार रुपये व्याज जास्त. त्यांनी सरकारी बँक निवडली आणि वेळ लागेल हे गृहीत धरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज केला.

## परतफेड झेपेल का

किती कर्ज काढायचे हे ठरवताना त्यांनी तिकडच्या पगाराचा आकडा बाजूला ठेवला. ऋतुजा वर्षभराने परत आली आणि पुण्यात तिला महिना ४० हजार मिळाले, तर हप्ता भरता येईल का, एवढेच पाहिले.

बँकेची सवलतीची मुदत अभ्यासक्रम अधिक एक वर्ष, म्हणजे दोन वर्षे. या काळात हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते, सरळव्याजाने. कर्ज दोन टप्प्यांत उचलले तरी दोन वर्षांत ते सुमारे साडेसहा लाख होते आणि भरले नाही तर मुदत संपताच मुद्दलात मिसळते. मग १५ वर्षांच्या फेडीचा हप्ता ४५,६०० रुपये. व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेले तर हप्ता ३८,७०० वर राहतो. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर व्याज भरूनही ४७,६००.

वडील सहा वर्षांनी, ५८ व्या वर्षी निवृत्त होणार. पगार चालू आहे तोवर त्यांचे २० हजार आणि मुलीचे २० हजार अशी विभागणी जमत होती. ते २००५ च्या आधीच सेवेत आलेले असल्याने पुढे जुनी निवृत्तिवेतन योजना आहे. म्हणून १५ वर्षांची मुदत घ्यायची आणि सवलतीच्या काळातले व्याज वडिलांनी भरायचे, असे ठरले: सुरुवातीला महिना १५ हजार, सगळे कर्ज उचलल्यावर ३० हजार. पोटाला चिमटा घेऊनच हे जमणार होते.

इथे प्राप्तिकराचा एक बारकावा आहे. कलम ८०ई खाली शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते ती फक्त जुन्या करप्रणालीत, आणि व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून एकूण आठच वर्षे. सवलतीच्या काळात व्याज भरायला लागलो की ही आठ वर्षे तेव्हाच मोजायला सुरुवात होते. त्यांनी हिशेब केला आणि तरीही आत्ताच व्याज भरण्याचे ठरवले, कारण कर वाचवण्यापेक्षा हप्ता आवाक्यात ठेवणे जास्त गरजेचे होते.

## काय केले

तारण म्हणून वडिलांनी बँकेत आधी सातबारा नेला. "गुरुजी, शेतजमीन आम्हाला चालत नाही," असे तिथल्या अधिकाऱ्याने सांगितले. थकबाकी झाल्यास तारण विकून वसुली करण्याचा जो सरफेसी कायदा बँका वापरतात तो शेतजमिनीला लागू नाही, म्हणून बँका ती टाळतात. गावठाणातल्या घराचा फक्त नमुना ८ चा उतारा होता. ती ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद. मालकीचा दस्त नव्हे. शेवटी सांगलीतला काकांचा फ्लॅट पुढे आला. काका-काकू दोघेही जामीनदार झाले.

फ्लॅट २०११ साली दुसऱ्या मालकाकडून घेतलेला होता. बँकेच्या वकिलाने मालकीची साखळी तपासताना बिल्डरकडून पहिल्या मालकाला झालेल्या विक्रीची सूची दोन, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, मागितली. ती कोणाकडेच नव्हती. दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळवण्यात जवळपास तीन आठवडे गेले आणि मंजुरी मे महिन्याऐवजी जूनअखेरीस आली.

मंजूर रक्कम ३६ लाख. बँकेने एप्रिलच्या दराने, कन्सल्टन्सीसारखेच नऊ महिने धरून, खर्च ४२ लाख ९० हजार काढला होता. परदेशातल्या शिक्षणासाठी त्यातले १५ टक्के कुटुंबाने घालायचे असतात. हा स्वतःचा वाटा प्रत्येक हप्त्याच्या वेळी मागितला जातो, पण आधी भरलेल्या रकमांच्या पावत्या दाखवल्या तर त्या त्यात धरल्या जातात. त्यांनी मे महिन्यात विद्यापीठाला भरलेल्या ४,००० पौंडांची पावती जपून ठेवली होती, ती इथे कामी आली.

मंजुरीपत्र हातात आल्यावर ते वाचले कोणी, तर ऋतुजाने. शेवटच्या परिच्छेदात 'गहाणखताची पूर्तता झाल्यानंतर रक्कम वितरित करण्यात येईल' असे वाक्य होते. बँकेच्या दृष्टीने ते नेहमीचेच. पण व्हिसासाठी कर्जाचे पत्र दाखवायचे तर प्रवेश किंवा व्हिसा मिळणे सोडून दुसरी कोणतीही अट त्यात चालत नाही. कर्ज विद्यार्थ्याच्या नावाने असावे लागते आणि पत्र सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाही. हे वाक्य राहिले असते तर अर्ज फेटाळला जाण्याची भीती होती आणि भरलेले व्हिसा शुल्क परत मिळत नाही. गहाणाचे काम आठवड्यात पुरे करून त्यांनी नवे पत्र घेतले.

जुलैच्या मध्यात अर्ज भरताना खरी कसोटी लागली. दाखवायचे होते उरलेल्या फीचे २१,००० आणि राहण्याचे १०,२२४, एकूण ३१,२२४ पौंड. मार्चच्या दराने ही रक्कम ३४ लाख ७० हजार होत होती, म्हणजे ३६ लाखांच्या कर्जात आरामात बसत होती. जुलैत पौंड ११७ च्या आसपास गेला आणि तीच रक्कम साडेछत्तीस लाखांवर गेली. कर्ज रुपयांत मंजूर होते, मागणी पौंडांत होती, आणि पन्नास हजारांची खोट आली.

ती भरून निघाली कारण मे महिन्यापासून ऋतुजाच्या स्वतःच्या बचत खात्यात तीन लाख रुपये न हलवता ठेवलेले होते. स्वतःचे पैसे दाखवायचे तर सलग २८ दिवस शिल्लक त्या रकमेच्या खाली जाऊन चालत नाही. एका दिवसासाठीही ती खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जुलैत खोट दिसल्यावर पैसे घातले असते तर अर्ज ऑगस्टच्या मध्यावर गेला असता. वडिलांचे खातेही दाखवता आले असते, पण मग जन्मदाखला आणि संमतीपत्र लागते. ऋतुजाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव अपुरे होते, ते दुरुस्त करण्यात आणखी वेळ गेला असता.

## कर्ज हातात येण्याआधीचे पैसे

बँक व्हिसा लागल्याशिवाय पैसे सोडत नव्हती. तोवरचा सगळा भार घरच्या १२ लाखांवर. अनामतीचे ४,००० पौंड, व्हिसा आणि अधिभार, कर्जाचे कागद, तिकीट आणि लॅपटॉप हे अपेक्षित होते. अनपेक्षित आले ते घरभाडे. इंग्लंडमध्ये राहणारा जामीनदार नसल्याने घरमालक कंपनीने दरमहा भाडे घ्यायला नकार दिला आणि तीन महिन्यांचे १,६३२ पौंड आगाऊ मागितले. विमानात बसण्यापूर्वीच घरचे साडेदहा लाख खर्च झाले होते.

परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या टीसीएस या कराची भीती मात्र फोल ठरली. एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवर तो लागत नाही, आणि स्वतःच्या पैशांवर वर्षाला १० लाखांपर्यंत माफ होता. वडिलांच्या पॅनवरून गेलेली रक्कम सात लाखांच्या आत राहिली. तो कापला गेला असता तरी विवरणपत्र भरताना वळता करून घेता आला असता. फक्त तोवर पैसे अडकले असते.

## निष्पत्ती

व्हिसा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. फीचा पहिला हप्ता गेला त्या दिवशी बँकेचा दर ११९ रुपये ७० पैसे होता, आखणीतल्या १२० च्या अगदी काठावर. जानेवारी २०२६ मधला दुसरा हप्ता मात्र १२० च्या वर गेला आणि सुमारे तीस हजार रुपये जास्त लागले. एवढी झळ सोसता आली. कन्सल्टन्सीच्या १०७ वर विसंबून २६ लाखांचेच कर्ज काढले असते तर व्हिसाचा अर्जही भरता आला नसता.

महिन्याचा खर्च ३६० ऐवजी ३३० पौंडांवर राहिला, कारण ऋतुजा घरीच स्वयंपाक करते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते, पण तिला काम मिळाले ते नोव्हेंबरात, तेही आठवड्याला दहा-अकरा तासांचे. ताशी किमान वेतन तेव्हा १२.२१ पौंड होते, म्हणजे महिन्याला पाचशे पौंडांच्या आसपास. हे उत्पन्न मूळ हिशेबात एक रुपयाही धरलेले नव्हते, हे बरे झाले. पहिले दोन महिने ते शून्यच होते.

## वेगळे काय करता आले असते

राखीव रकमेची बाजू लंगडी राहिली. ६ लाख ८० हजारांची गरज कागदावर लिहिली होती, पण तिच्यासाठी वेगळे पैसे ठेवलेच नाहीत. आईच्या दागिन्यांवर तीन लाखांचे कर्ज मिळेल आणि उरलेले ऋतुजाच्या कमाईतून साठेल, असा भरवसा आहे. आमच्या मते खोलीवर वाचवलेले अडीच लाख तरी पहिल्याच दिवशी वेगळ्या मुदत ठेवीत टाकायला हवे होते. ते रोजच्या खर्चात विरून गेले.

दुसरी गोष्ट पुढच्या तारखेची. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या बदलानुसार १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार आहे. अर्ज करण्याआधी अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने गृह खात्याला कळवावे लागते. सप्टेंबरात प्रबंध देणाऱ्यांचा निकाल नोव्हेंबर-डिसेंबरात लागतो, त्यामुळे हातात काही आठवडेच उरतात. प्रबंधाला मुदतवाढ घेतली तर सहा महिने गमवावे लागतील, आणि निकाल वेळेत लागूनही तीन हजार पौंड त्या आठवड्यात खात्यात नसतील तरी तेच. म्हणून ही रक्कम नोव्हेंबर २०२६ च्या आत ऋतुजाच्या ब्रिटनमधल्या खात्यात जमा हवी, असे वेळापत्रकात आता लिहून ठेवले आहे. दागिन्यांवरचे कर्ज काढायची तारीख त्यावरून ऑक्टोबरची ठरली.

तारणाचे कागद मात्र जानेवारीतच वकिलाला दाखवता आले असते. त्यासाठी कर्जाच्या अर्जापर्यंत थांबण्याचे कारण नव्हते, आणि सूची दोनच्या नकलेला काहीशे रुपयेच लागले होते.